सकाळचं कॉर्टिसोल २३.४ आणि वाढलेली कंबर

"डॉक्टर, माझं वय ४३. गेल्या चौदा महिन्यांत वजन ६४ वरून ६९ झालं आणि कंबर ८१ सेंटीमीटरवरून ८९, वाढलंय ते सगळं पोटावरच. ऑफिसचं प्रेशर, त्यात वडिलांचं आजारपण, झोपायला एक वाजतो आणि पावणेसहाला उठते. रील्समध्ये सारखं 'कॉर्टिसोल बेली' येतं म्हणून मी स्वतःच टेस्ट केली, सकाळी साडेआठला, २३.४ आलं, लॅबची रेंज १९.४ पर्यंत, समोर लाल अक्षरात 'हाय'. आता कॉर्टिसोल कमी करायच्या कॅप्सूल मागवल्यात आणि रनिंग बंद केलंय, कार्डिओने कॉर्टिसोल वाढतं म्हणे. सकाळी तोंडही सुजल्यासारखं दिसतं. पिरियड्समध्ये जास्त ब्लीडिंग होतं त्यासाठी वर्षभर हॉर्मोनची गोळी चालू आहे, बाकी काही औषध नाही. हे स्ट्रेसमुळेच आहे ना? नक्की काय करू?"

नमस्कार ताई,

तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता जी गोळी लिहिलीय ना, मी वाचताना तिथेच थांबले. ती स्ट्रिप काढा आणि मागे एथिनिल इस्ट्रॅडिओल किंवा दुसरं कुठलं इस्ट्रोजेन लिहिलंय का बघा. असेल तर तुमच्या २३.४ चा बराचसा उलगडा तिथेच होतो.

त्याचं असं आहे की कॉर्टिसोल हे हॉर्मोन रक्तात मोकळं फिरत नसतं, त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रोटीनला चिकटलेलं असतं आणि चिकटलेलं असेपर्यंत ते काहीच करत नाही, पेशीत शिरून काम करतं ते उरलेलं थोडंसं मोकळं कॉर्टिसोल. हे वाहून नेणारं प्रोटीन लिव्हरमध्ये तयार होतं आणि तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे लिव्हर ते जास्त बनवायला लागतं. म्हणजे वाहून नेणाऱ्या गाड्या वाढल्या, गाड्यांमध्ये बसलेलं कॉर्टिसोल वाढलं, आणि लॅबने मोजलं ते गाड्यांसकट सगळं, कारण नेहमीची रक्ताची टेस्ट टोटल कॉर्टिसोलच मोजते. मोकळं कॉर्टिसोल होतं जवळपास तेवढंच. इस्ट्रोजेनची गोळी चालू असलेल्या बाईचं सकाळचं टोटल कॉर्टिसोल रेंजच्या वर जाणं ही इतकी कॉमन गोष्ट आहे की टेस्टच्या आधी ते विचारायलाच हवं होतं, पण तुम्ही थेट पॅकेज बुक केलं, विचारणार कोण. (गोळीत फक्त प्रोजेस्टेरॉनसारखं हॉर्मोन असेल तर हा परिणाम होत नाही, म्हणून स्ट्रिप बघायला सांगतेय.)

आणि गोळी नसती तरी साडेआठची वेळ ही कॉर्टिसोल 'जास्त आहे का' हे बघायची वेळच नाही. कॉर्टिसोलला दिवसाची एक चाल असते. पहाटेपासून चढतं, डोळे उघडल्यावर पुढच्या अर्ध्यापाऊण तासात अजून एक उडी मारतं, मग दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या आसपास अगदी तळाला येतं. त्या उतारातही सरळ रेष नाही, झटक्याझटक्याने सुटतं, म्हणजे अर्ध्या तासाने रक्त काढलं असतं तर वेगळा आकडा आला असता. त्यात सुईची धास्ती असेल तर अजून थोडं वर. तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाचं सकाळचं कॉर्टिसोल भरपूर असायलाच हवं, त्याच्या जोरावर तर आपण अंथरुणातून उठतो. सकाळची टेस्ट डॉक्टर सांगतात ती बहुतेक उलट कारणासाठी, कॉर्टिसोल कमी पडतंय का हे बघायला.

आता खरंखुरं जास्त कॉर्टिसोल म्हणजे काय ते सांगते, कारण 'कॉर्टिसोलने पोट वाढतं' हे वाक्य हवेतून आलेलं नाही, त्याच्या मागे एक खरा आजार आहे. १९१२ मध्ये अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वी कुशिंगने २३ वर्षांच्या एका मुलीची केस लिहिली, आणि १९३२ मध्ये अशा अनेक केसेस एकत्र करून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या छोट्या गाठीशी त्याचा संबंध जोडला. त्यालाच आज आपण कुशिंग सिंड्रोम म्हणतो. किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी दिवसरात्र कॉर्टिसोल ओतत राहतात, कारण कधी पिट्युटरीतल्या गाठीमुळे त्यांना सतत ऑर्डर येत असते आणि कधी गाठ अ‍ॅड्रिनलमध्येच असते. अशा माणसाचं पोट खरंच मोठं होतं, चेहरा गोल आणि लालसर होतो, मानेच्या मागे चरबीचा उंचवटा येतो, आणि त्याच वेळी हातपाय बारीक होत जातात. हे हातपाय बारीक होणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोटच का? दोन कारणं. एक, पोटाच्या आत आतड्यांभोवती जी चरबी असते, व्हिसरल फॅट, तिच्या पेशींमध्ये कॉर्टिसोलचे रिसेप्टर त्वचेखालच्या चरबीपेक्षा जास्त असतात, आणि चरबीच्या पेशीत एक एन्झाइम असतं जे सुप्त कॉर्टिसोनचं चालू कॉर्टिसोल तिथल्या तिथे करून देतं. दुसरं जास्त महत्त्वाचं, कॉर्टिसोल एकटं असताना चरबी साठवण्यापेक्षा ती मोकळी करायलाच मदत करतं, उपाशी माणसाला इंधन मिळावं हेच तर त्याचं काम, पण त्याच्या जोडीला इन्सुलिन सतत वर असेल तर चित्र फिरतं आणि व्हिसरल पेशी रक्तातली चरबी आत ओढायला लागतात. कॉर्टिसोल साखर वाढवतं, साखर वाढली की इन्सुलिन वाढतं, म्हणजे कॉर्टिसोल दिवसरात्र वर राहिलं तर ही जोडी कायमची जमते. शिवाय स्नायू तोडून त्यातून साखर बनवण्याचा उद्योगही चालू असतोच, म्हणून हातपाय वाळतात. गाठ काढली की पुढच्या महिन्यांत पोटही उतरायला लागतं, म्हणजे कारण तेच होतं हे सिद्ध.

पण यात 'दिवसरात्र' हा शब्द सगळं ठरवतो. कुशिंगच्या पेशंटचं सकाळचं कॉर्टिसोल कित्येकदा नॉर्मल रेंजमध्येच असतं! बिघडतं ते रात्रीचं. तुमचंआमचं मध्यरात्री तळाला जातं, त्यांचं जातच नाही. म्हणून तपासायचं तर रात्री. आणि हा आजार फार दुर्मिळ आहे, शरीराच्या आतून होणारा कुशिंग दरवर्षी दहा लाखांत दोनतीन नवीन लोकांना होतो, एवढाच.

जास्त दिसतो तो बाहेरून आलेल्या स्टेरॉइडचा कुशिंग. 'बाकी काही औषध नाही' असं तुम्ही लिहिलंय, पण हे मी प्रत्येकाला पुन्हा विचारते कारण लोक या गोष्टींना औषधात धरतच नाहीत: चेहरा उजळायची किंवा खाजेची क्रीम महिनोन्महिने लावताय का, गुडघ्यात किंवा खांद्यात इंजेक्शन घेतलंय का, दम्याचा पंप, सांधेदुखीची कुठली बिनलेबलची पुडी. यात स्टेरॉइड असू शकतं, पुडीत तर न सांगता मिसळलेलं सापडतं. गंमत म्हणजे अशा माणसाचं स्वतःचं सकाळचं कॉर्टिसोल बहुतेक वेळा कमी येतं, बाहेरून भरपूर येतंय म्हटल्यावर शरीर आपला कारखाना बंद ठेवतं. असं काही महिनोन्महिने चालू असेल तर एका दिवसात बंद करायचं नाही, बंद पडलेला कारखाना लगेच चालू होत नाही आणि मग बीपी पडून, उलट्या होऊन माणूस अ‍ॅडमिट होतो. डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करायचं.

तुम्हाला कुशिंग असेल का? घरीच बघता येण्यासारख्या चार गोष्टी आहेत. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येतं का, जिना चढताना मांड्या साथ सोडतात का? या आजारात मांड्यांची ताकद आधी जाते. किरकोळ लागलं तरी मोठे काळेनिळे डाग पडतात का? त्वचा पातळ कागदासारखी झालीय का? आणि पोटावर किंवा मांड्यांवर नवीन, जांभळट, बोटाएवढे रुंद पट्टे आलेत का? वजन वाढताना किंवा प्रेग्नन्सीत येतात त्या बारीक पांढुरक्या रेघा सोडून द्या, त्या कितीतरी बायकांना असतात. सेंटीमीटरभर रुंद जांभळे पट्टे वेगळेच दिसतात, एकदा पाहिले की विसरत नाही. पोट सुटणं, थकवा, मूड जाणं, चेहरा भरणं ही लक्षणं कुशिंगमध्ये असतात पण जगातल्या अर्ध्या लोकांनाही असतात, त्यामुळे निदानाला त्यांचा उपयोग थोडाच. त्या चारांपैकी दोन असतील, किंवा चाळिशीतच बीपी आणि साखर दोन्ही अचानक वाढली असेल, किंवा किरकोळ पडून हाड मोडलं असेल, तर एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरकडे जा, वाट बघू नका. तुम्ही तर परवापरवापर्यंत धावत होता. धावणाऱ्या बाईच्या मांड्या गेल्या असत्या तर पत्रात पहिली तक्रार तीच आली असती.

तरी मनातली शंका जात नसेल तर करायची टेस्ट कुठली हेही सांगते, निदान चुकीची टेस्ट दुसऱ्यांदा तरी होणार नाही. रात्रीच्या लाळेतलं कॉर्टिसोल. लाळेत फक्त मोकळं कॉर्टिसोल उतरतं म्हणून तुमच्या गोळीचा तिथे फारसा गोंधळ होत नाही. एक कापसाचा बोळा मिनिटदोन मिनिटं तोंडात ठेवायचा आणि नळीत टाकायचा, दोन वेगवेगळ्या रात्री. वेळ साधारण अकरा ते बारा, पण तुम्ही रोज एकला झोपता म्हणजे तुम्ही झोपायच्या वेळी घ्या, नाहीतर तळ यायच्या आधीच मोजलं जाईल. त्याआधी थोडा वेळ खाणं नाही, ब्रश नाही कारण हिरड्यातून रक्त आलं तर लाळेत रक्तातलं कॉर्टिसोल मिसळतं, सिगरेट नाही, आणि हाताला स्टेरॉइडची क्रीम लावून तो बोळा धरायचा नाही, यानेही रिपोर्ट खोटा वाढलेला येतो. भांडण झालं त्या रात्री घेऊ नका. ज्यांची नाइट शिफ्ट आहे त्यांच्यासाठी ही टेस्ट फारशी कामाची नाही.

दुसरी टेस्ट असते डेक्सामेथासोनची, रात्री अकराबाराच्या मध्ये १ मिलीग्रॅमची गोळी घ्यायची आणि सकाळी आठला रक्त द्यायचं. नॉर्मल माणसात ते स्टेरॉइड बघून पिट्युटरी ऑर्डर देणं थांबवते आणि सकाळचं कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली येतं, कुशिंगमध्ये येत नाही. टेस्ट छान आहे पण तुमची इस्ट्रोजेनची गोळी चालू असताना ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, पुन्हा तोच गाड्यांचा घोळ, करायची तर गोळी साधारण सहा आठवडे बंद ठेवावी लागते. मला विचाराल तर त्या चार खुणा नसतील तर मी यातली एकही टेस्ट करणार नाही. एका बिनकामाच्या टेस्टने दुसरी, दुसरीने स्कॅन, स्कॅनमध्ये अ‍ॅड्रिनलची एखादी निरुपद्रवी गाठ दिसते, या वयात ती काही जणांना असते, आणि मग तिच्यामागे वर्ष जातं.

मग रोजच्या टेन्शनचं काय, त्याने काहीच होत नाही का? होतं, पण रील्समध्ये दाखवतात त्या रस्त्याने नाही आणि तेवढंही नाही.

टेन्शन आणि वजन यावर लोकांना वर्षानुवर्षं फॉलो करून झालेले अभ्यास २०११ मध्ये एकत्र करून बघितले गेले. त्यातल्या दोन तृतीयांशाहून जास्त विश्लेषणांमध्ये काही संबंधच सापडला नाही, साधारण पाव विश्लेषणांत टेन्शनवाल्यांचं वजन जास्त वाढलेलं दिसलं आणि थोड्यांमध्ये तर कमी झालेलं. सगळं मिळून परिणाम होता, पण अगदी बारीक. हे ऐकून मला तरी आश्चर्य वाटलं नाही, टेन्शनमध्ये काही लोक खात सुटतात आणि काहींच्या घशाखाली घास उतरत नाही, तुमच्या घरातही दोन्ही प्रकार असतील. केसांमधलं कॉर्टिसोल मोजलं तर मागच्या काही महिन्यांची सरासरी कळते, तसं इंग्लंडमध्ये ५४ च्या पुढच्या अडीच हजार लोकांचं मोजलं होतं, २०१७ मध्ये ते छापून आलं. ज्यांच्या केसात जास्त कॉर्टिसोल त्यांची कंबरही जास्त, असं निघालं. रील्सवाले हा अभ्यास आवडीने सांगतात. पण तो एका वेळचा फोटो होता, आधी कॉर्टिसोल वाढलं की आधी कंबर हे त्यातून कळत नाही, आणि मघाशी सांगितलेलं चरबीतलं एन्झाइम आठवा, वाढलेली चरबी स्वतःही कॉर्टिसोल चालू करत असते.

उलट बाजूने बघा. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे जेवणच सोडून देण्याचा जो आजार असतो, त्यात कॉर्टिसोल चांगलंच वाढलेलं असतं, आणि त्या मुली हाडांचा सापळा झालेल्या असतात. कडक डाएट केलं तरी कॉर्टिसोल वाढतं आणि वजन कमी होत असतं. म्हणजे कॉर्टिसोल हवेतून चरबी बनवत नाही, जास्तीचं इंधन आत आलं तर ते कुठे ठेवायचं यात त्याचा हात असतो, आणि जास्त खायला लावण्यात असतो. प्रयोगशाळेत मुद्दाम टेन्शन दिल्यावर ज्या बायकांचं कॉर्टिसोल जास्त चढलं त्यांनी नंतर समोर ठेवलेलं जास्त खाल्लं, त्यातही गोड जास्त, हे २००१ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. तुमच्यासारख्यांसाठी मला तो रस्ता खरा वाटतो: टेन्शन, मग भूक आणि झोप, मग पोट.

आणि झोपेवर मी इथे जास्त वेळ घालवणार आहे, कारण पावणेपाच तास! २०२२ मध्ये अमेरिकेतला एक छोटा पण फार नेटका प्रयोग छापून आला. बारा निरोगी, लठ्ठ नसलेल्या लोकांना हॉस्पिटलमध्येच ठेवून दोन आठवडे रोज फक्त चार तास झोपू दिलं, खायला हवं तेवढं, आणि त्यांचीच पुरेशा झोपेच्या दोन आठवड्यांशी तुलना केली. कमी झोपेत ते दिवसाला तीनशेहून जास्त कॅलरी जादा खात होते, खर्च मात्र जवळपास तेवढाच. वजन वाढलं ते किरकोळ, पाऊण किलोही नाही, पण सीटी स्कॅनमध्ये पोटाच्या आतली चरबी अकरा टक्क्यांनी वाढलेली. काट्यावर दिसतच नव्हतं! आणि पुन्हा नीट झोपायला लागल्यावर खाणं कमी झालं तरी आतली चरबी लगेच उतरली नाही. बाराच लोक होते, त्यामुळे अकरा हा आकडा छातीवर कोरून ठेवायची गरज नाही, पण दिशा कळते. त्याआधी १९९९ मध्ये अकरा तरुणांना सहा रात्री चार तास झोपवून बघितलं होतं, तेव्हा संध्याकाळचं कॉर्टिसोल जास्त राहिलं आणि साखर हाताळायची शरीराची ताकद घटली. म्हणजे अपुऱ्या झोपेने बिघडतो तो कॉर्टिसोलचा संध्याकाळचा उतार, तुम्ही मोजलंत ते सकाळचं शिखर.

आता तुमचाच हिशोब मांडू. पाच किलो, चौदा महिने, म्हणजे साधारण सव्वाचारशे दिवस. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी धरतात, पाच किलोच्या झाल्या ३८,५००. भागिले ४२५, रोजच्या साठल्या नव्वद कॅलरी. नव्वद! प्रत्यक्षात थोड्या जास्त आत गेल्या असणार कारण वाढलेलं वजन सांभाळायलाही खर्च होतो, तरीही कुठल्याही हॉर्मोनच्या आजाराची गरज न पडता रात्री जागताना तोंडात टाकलेल्या चार गोष्टींत हे बसतं. तुम्हाला खाणं वाढल्यासारखं वाटणारही नाही, नव्वद कॅलरीचा कुणालाच पत्ता लागत नाही.

आणि पोटावरच का, तर त्यात वयाचा मोठा वाटा आहे. चाळिशीच्या पुढे बायकांमध्ये इस्ट्रोजेनची चाल बदलायला लागते आणि आधी मांड्या-नितंबावर जाणारी चरबी आता पोटाकडे वळते. हातपाय वाढले नाहीत याची तुम्हाला शंका आली असेल, रील्समध्ये 'बारीक हातपाय आणि मोठं पोट' म्हणजे कॉर्टिसोल असं सांगतात. ते तुम्हाला लागू होत नाही, कुशिंगमध्ये हातपाय आधी होते त्यापेक्षा बारीक आणि कमजोर होतात, नुसते वाढायचे राहतात असं नाही.

रनिंग. हे बंद केलंत याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. जोरात व्यायाम केला की कॉर्टिसोल चढतं हे खरं, चढायलाच हवं, स्नायूंना इंधन कोण पुरवणार, पण व्यायाम संपल्यावर तासदोन तासांत उतरतं. आणि हलक्या व्यायामात, आरामात चालताना वगैरे, वाढत तर नाहीच. व्हिसरल फॅट कमी करण्यात एरोबिक व्यायामाइतका खात्रीचा पुरावा फार कमी गोष्टींचा आहे, कित्येकदा काट्यावर वजन हललेलं नसतं तरी स्कॅनमध्ये आतली चरबी उतरलेली दिसते. कार्डिओने खरंच कॉर्टिसोल बेली येत असती तर मॅरेथॉनवाल्यांची पोटं बघवली नसती. फक्त सध्या पावणेपाच तास झोपून पहाटे उठून धावू नका, ती पाऊण तासाची झोप तुम्हाला जास्त लागते. धावणं संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, आठवड्यात तीनदा, आणि दोन दिवस वजनं उचलायची, स्नायू टिकवायला.

कॅप्सूल परत करता आल्या तर करा. हा धंदा जुना आहे, २००४ मध्येच अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'कॉर्टिसोल कमी करून वजन उतरवतो' म्हणून जाहिरात करणाऱ्या एका गोळीवर कारवाई केली होती, दाव्यांना आधार नाही म्हणून. आताच्या कॅप्सूलमध्ये बहुतेक अश्वगंधा असते. तिने कॉर्टिसोल उतरतं असे छोटे अभ्यास आहेत, एकात ६४ लोकांपैकी निम्म्यांनी ६० दिवस घेतल्यावर त्यांचं पाव भागाहून जास्त उतरलं होतं. मान्य. पण तुमचं मोकळं कॉर्टिसोल जास्त आहे असं अजून कुणी दाखवलेलंच नाही, मग उतरवायचं काय? आणि सकाळचा आकडा उतरला म्हणून कंबर उतरते ही उडी त्या अभ्यासांमधून मारता येत नाही. काही लोकांमध्ये तिने लिव्हरला सूज आलीय, थायरॉइडचे हॉर्मोन वाढलेत, त्यामुळे निरुपद्रवी समजून वर्षभर घ्यायची ती गोष्ट नाही. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर त्या दिवशी बंद.

चेहऱ्याचं पटकन सांगते. सकाळी सुजलेला आणि दुपारपर्यंत उतरलेला चेहरा म्हणजे पाणी, आडवं झोपल्याने, आदल्या रात्रीच्या खारटामुळे, कमी झोपेमुळे. कुशिंगचा गोल चेहरा म्हणजे चरबी, ती दुपारी बारा वाजता घरी जात नाही. दोन वर्षांपूर्वीचा फोटो आणि आजचा दुपारचा फोटो शेजारी ठेवून बघा, एवढ्यानेही अंदाज येतो.

करायचं काय तर पुढचे आठ आठवडे एकच गोष्ट मोठी, झोप एकवरून बारावर आणि मग साडेअकरावर. वडिलांचं आजारपण काही मी सल्ला देऊन कमी होणार नाही, पण आठवड्यातल्या दोन रात्री भावाने, नवऱ्याने, कुणीतरी जागायची वाटणी झाली तर तेवढ्या दोन रात्री तरी सात तास मिळतील. काटा महिन्यातून एकदाच, कंबर दोन आठवड्यांनी, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं टोक यांच्या बरोबर मध्ये टेप धरून, श्वास सहज सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता. दर वेळी जागा बदलली तर तीनचार सेंटीमीटरचा फरक टेपनेच पडतो, तुमच्या ८१ आणि ८९ मध्येही थोडा तो असू शकेल. ध्येय म्हणून कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी इतकं पुरे. आणि एकदा बीपी, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी, आणि थायरॉइड बघून घ्या, या वयात वाढत्या कंबरेबरोबर त्या टेस्ट कॉर्टिसोलपेक्षा जास्त काही सांगून जातात.

गोळी मात्र माझं हे वाचून स्वतःहून बंद करू नका. ती ब्लीडिंगसाठी दिलीय, अचानक थांबवली तर पुन्हा ब्लीडिंग सुरू होऊन हिमोग्लोबिन खाली जाईल आणि मग थकवा वेगळाच. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फक्त एवढं विचारा की चाळिशीनंतर ही इस्ट्रोजेनवाली गोळी अजून किती दिवस, आणि बीपी आणि सिगरेटचं त्यांना खरं खरं सांगा, त्यावर त्यांचा निर्णय अवलंबून असतो. कॉर्टिसोलचा तो रिपोर्ट दाखवलात तर वर पेनाने लिहून ठेवा, 'गोळी चालू असताना', म्हणजे पुढचा डॉक्टर लाल अक्षरं बघून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार नाही.